रेच्याचे गुप्त कागद आणि नवऱ्याची सही

माझी बायको इंग्रजीची भाषांतरं करायची आणि मी रेचे दुरुस्त करायचो. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारं यंत्र. हिंगणघाटात ज्याला हे समजावून सांगावं लागतं तो माणूस नुकताच बसमधून उतरलेला असतो. पण वाचणारा कुठला असेल नेम नाही, म्हणून लिहून ठेवलं.

मी चौथी पास. तेही मास्तरांना आणखी एक वर्ष माझं तोंड पाहायचं नव्हतं म्हणून. ती केळझरच्या शाळामास्तरांची मुलगी, बी. ए.ला इंग्रजी घेतलेली. अशा मुलीनं माझ्याशी लग्न काऊन केलं हा प्रश्न तिच्या माहेरी दर दिवाळीला निघायचा. मी एकदा तिलाच विचारलं. म्हणाली, "तुम्ही खोटं बोलत नाही हे आधी दिसलं. बाकीचं लग्नानंतर दिसलं."

तिच्याकडं जिनिंगवाल्यांचे कागद यायचे. बाहेरून आलेल्या यंत्राचं पुस्तक मराठीत करून दे, कापूस घेणाऱ्या परदेशी कंपनीला इंग्रजीत उत्तर लिहून दे, असली कामं. अडलं की ती जेवताना मला विचारायची. "अहो, रोलरला खालून टेकून जी पट्टी असते, तिला तुम्ही काय म्हणता?" मी सांगायचो. आम्ही कारागीर जे म्हणतो ते तसंच्या तसं लिहिण्यासारखं नसलं, की ती म्हणायची, "कागदावर शोभेल असं सांगा." असे आमचे शब्द जमत गेले. लोकांच्या घरी नवराबायको जेवताना शेजाऱ्यांवर बोलतात, आमच्याकडं सरकी आणि बेअरिंग.

मी ज्या कारखान्यात फिटर होतो तिथे रेचे बनायचे. गावाबाहेर, वेणा नदीच्या पलीकडं, दुसरा एक कारखाना होता. तिथेही रेचेच बनायचे. दोन्हीचे मालक लग्नाकार्यात एकमेकांच्या गळ्यात पडायचे आणि घरी गेल्यावर एकमेकांचा गळा कसा धरता येईल ह्याचा विचार करायचे. माझ्या मालकाला आम्ही शेठ म्हणायचो. त्या दुसऱ्याला मी इथे कारखानदार म्हणतो, म्हणजे गोंधळ होणार नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल. कारखानदारानं नव्या तऱ्हेचा रेचा काढला होता. त्याच्याकडच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं आयुष्यभर डोकं खाजवून त्याचे नकाशे काढले होते आणि सगळं मराठीत लिहून ठेवलं होतं. आता त्याचं पेटंट घ्यायचं होतं. पेटंटचा अर्ज इंग्रजीत नाहीतर हिंदीत लागतो, मराठी तिथे चालत नाही. मुंबईचा पेटंटवाला म्हणाला, इंग्रजीत करून पाठवा. म्हणून कारखानदाराचा मुनीम एक दिवस आमच्या दारात उभा राहिला. एका हातात लाखेचं सील केलेलं जाड पाकीट, दुसऱ्या हातात स्टँप पेपर.

"बाई, हे कागद अन् हा करारनामा. सही करून ठेवजा, उद्या पोऱ्या पाठवतो."

"कसला करार?"

"गुप्ततेचा. कोणाले सांगाचं नाई म्हणून. नेहमीचाच हाय, वाचाची गरज नाई."

माझ्या बायकोला कुणी 'वाचायची गरज नाही' म्हटलं, की ती हात धुवून, पदर सारखा करून वाचायला बसायची. तिनं स्टँप पेपर घेतला आणि पाकीट मुनीमाच्या हातातच राहू दिलं.

"करारनामा ठेवा. पाकीट घेऊन जा."

"काऊन? भारी हाय म्हणून?"

"पाकीट घरात आलं की कागद माझ्या ताब्यात आले. मग सही पटो न पटो, उद्या काही बाहेर फुटलं तर पहिलं बोट माझ्याकडं. अटी ठरल्यावर आणा."

मुनीमानं माझ्याकडं पाहिलं. बाईचं डोकं फिरलं तर नवऱ्यानं ठिकाणावर आणावं, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, "माझ्याकडं पाहून काई फायदा नाई. मले चौथीच्या पुढचं समजत नाई."

तो पाकीट काखेत मारून गेला. मनातून मला वाटत होतं की ठेवून गेला असता तर बरं. दुसऱ्याचा रेचा कसा आहे हे पाहायला कुठल्या फिटरला आवडणार नाही? मी तसं बोललोही. ती म्हणाली, "म्हणूनच परत पाठवलं."

मग ती वाचायला बसली. करार इंग्रजीत होता. ती एक ओळ वाचायची, हसायची आणि मला मराठीत सांगायची. आमच्या घरी सिनेमाला जायची पद्धत नव्हती, ती कसर त्या संध्याकाळी भरून निघाली.

"ऐका. गुप्त माहिती म्हणजे काय? 'कंपनीने लेखी अथवा तोंडी दिलेली कोणतीही माहिती.'"

"बरोबरच हाय की."

"उद्या मुनीमजींनी मला सांगितलं की आज हिंगणघाटच्या बाजारात कापूस चढला, तर तेही गुप्त. ते मी तुम्हाला सांगितलं की करार मोडला."

"मुनीम सांगते त्यातलं खरं किती असते?"

"खोटं असलं तरी गुप्तच. तसंच लिहिलंय." तिनं पुढं वाचलं. "किती दिवस गुप्त ठेवायचं? 'निरंतर.' म्हणजे रेचा बाजारात विकायला आला, गावातल्या पोरांनी त्यावर चढून खेळ मांडला, तरी मी बोलायचं नाही."

मी हसलो. पण पुढची ओळ वाचून ती हसली नाही. परत वाचली. मग मला सांगितलं. त्यात लिहिलं होतं की लिहून देणारी, तिचा पती, मुलंबाळं आणि वारस, ह्यांच्यापैकी कोणीही कंपनीच्या मालाशी स्पर्धा करणाऱ्या धंद्याशी कसलाही संबंध ठेवणार नाही. आणि आणखी खाली होतं की ठरवून दिलेल्या तालुक्याबाहेर ती पंप विकणार नाही.

"पंप?" मी म्हटलं.

"पंप. वकीलसाहेबांनी कुठल्यातरी पंपाच्या एजंटाचा करार समोर ठेवून माझा उतरवलाय. नावं बदलली, पंप राहून गेला."

"बरं झालं. नाईतर तू अल्लीपूरले पंप विकत फिरली असती."

पण विषय पंपाचा नव्हता. विषय खालच्या ओळीचा होता. तिच्या सहीच्या जागेखाली आणखी एक टिंबटिंब ओळ होती. पतीची सही. जामीन म्हणून.

हे आमच्याकडं चालतच आलेलं. बाईनं बँकेत खातं काढलं तर खाली नवरा, शिवणाचं यंत्र हप्त्यावर घेतलं तर खाली नवरा, पोराला शाळेत घातलं तरी खाली नवरा. बाई आहे हे सिद्ध व्हायला खाली एक पुरुष लागतो. नवरा शुद्धीवर आहे की नाही हे कोणी पाहत नाही. वकीलसाहेबांनीही डोळे झाकून ती ओळ टाकली होती. तो नवरा स्पर्धकाच्या कारखान्यात रेचे बनवतो हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. आणि बहुतेक वकीलसाहेब आणि कारखानदार सोडून हिंगणघाटात सगळ्यांना माहीत होतं की मी कुठं काम करतो.

"तुम्ही इथं सही केली," ती म्हणाली, "तर ह्या कराराप्रमाणे तुम्हीही बांधले गेलात. उद्या सकाळी कामाला गेलात की स्पर्धकाशी संबंध. पहिल्याच दिवशी करार मोडला. कंपनीचं जे काही नुकसान होईल ते, कितीही असलं तरी, आपण भरून द्यायचं."

"अन् मी कामावर गेलो नाई तर?"

"तर घरी बसाल. आणि माझ्यासमोर दिवसभर बसाल."

तिच्या आवाजावरून मला कळलं की दोन्हीपैकी कोणतीच गोष्ट तिला चालणार नाही. पण काम तिला पाहिजे होतं. पैशासाठी तर होतंच, पण आजवर तिनं दुसऱ्यांच्या यंत्रांची जुनी पुस्तकं केली होती. कुणीच न पाहिलेलं, अजून बाहेर न आलेलं असं काहीतरी पहिल्यांदा तिच्याकडं चालून आलं होतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मी चौथी पास असलो तरी बायकोचं तोंड वाचायला तेवढं पुरतं.

दोन दिवसांनी वकीलसाहेबांच्या घरी बोलावणं आलं. पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस. भिंतीवर कायद्याची पुस्तकं अशी रचलेली, की एखादं काढलं तर भिंत पडेल. म्हणून ते काढतच नसावेत. कारखानदार आधीच येऊन बसला होता, मुनीम पाकीट मांडीवर घेऊन. मला खुर्ची दिली, तिला स्टूल. ती बसायच्या आत मी उठून जागा बदलली. वकीलसाहेबांना ते फार काही आवडलं नाही.

"बोला बाई," कारखानदार म्हणाला, "आमच्यावर भरोसा नाई का?"

"भरोसा आहे, म्हणूनच लिहून घेते. नसता तर आलेच नसते." मग तिनं विचारलं, "पेटंटचा अर्ज दाखल झाला का?"

"त्याच्यासाठीच तर तुमच्याकडं आलो."

"आणि त्याआधी रेचा बाहेर फुटला तर?"

कारखानदारानं मुनीमाकडं पाहिलं. मुनीमानं पाकीट पोटाशी धरलं. वकीलसाहेब म्हणाले, "तर पेटंट मिळणं कठीण. जे लोकांना आधीच माहीत आहे त्याचं पेटंट मिळत नाही."

"म्हणजे तुमचा खरा धोका तो आहे," ती म्हणाली. "त्यासाठी मी सही करायला तयार आहे. पंपासाठी नाही."

वकीलसाहेबांनी चष्मा लावून करार पाहिला. पंप सापडल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. पंप काचेवर बसला होता असं त्यांना वाटलं असावं.

"टंकलेखकाची चूक," ते म्हणाले. टंकलेखक नसलेल्या खोलीत टंकलेखकाची चूक काढणं सोपं असतं.

"ठीक. आता दुसरी गोष्ट." ती सरळ बसली. "माझे यजमान दुसऱ्या कारखान्यात फिटर आहेत. तुमच्या स्पर्धकाच्या."

कारखानदार उठून उभा राहिला.

"हे आधी काऊन नाई सांगितलं?"

"आधी कोणी विचारलं? तुम्ही तर थेट त्यांची सही मागितली. मी ती होऊ दिली असती, तर तुमच्या स्पर्धकाचा माणूस तुमच्या कागदात जामीन म्हणून बसला असता. आणि जामीन म्हणून त्यानं कागद पाहायला मागितले असते, तर तुम्ही काय केलं असतं?"

कारखानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी काही वाईट माणूस नाही, पण त्या वेळी मी चांगला दिसत नव्हतो हे मला समजलं.

"मग हे काम जमत नाई," तो म्हणाला. मुनीमाला म्हणाला, "चाल."

"सील पाहून घ्या," ती म्हणाली. "जसं आणलं तसंच आहे. वकीलसाहेब, तुम्हीही पाहून ठेवा."

सगळ्यांनी सील पाहिलं. लाख कुठेही तुटलेली नव्हती. ते दोघे निघून गेले. वकीलसाहेब माझ्याकडं पाहून म्हणाले, "तुम्ही जरा समजावून सांगा ना घरी." मी म्हटलं, "साहेब, मी समजावून सांगायला गेलो की तीच मले समजावून देते."

घरी येताना कामाला मुकलो असं मला वाटलं. तिलाही वाटलं असणार.

पण आठवडाभरानं कारखानदार स्वतः आला. नागपूरला जाऊन आला होता. तिथे एक जण मिळाला, तो म्हणाला कागद ठेवून जा, करार-बिरार नंतर पाहू. असा बिनधास्त माणूस पाहून कारखानदार घाबरला. ज्याला काहीच विचारायचं नसतं त्याच्याकडं रेचा देणं म्हणजे चौकात मांडणं, एवढं त्याला कळलं. पानाचा डबा पुढं करून म्हणाला, "ताई, तुमच्या म्हणण्यापरमानं लिहू. पन तुमचा नवरा?"

बाईची ताई झाली होती. काम हातात येतंय हे मला तिथंच कळलं.

"ते कराराच्या बाहेर," ती म्हणाली. "त्यांची सही नाही, जामीन नाही, त्यांच्यावर काही बंधन नाही. आणि त्यांना मी काही दाखवणारही नाही, सांगणारही नाही. कागद घरी आणणारच नाही. तुमच्या कारखान्यातच बसून भाषांतर करीन. कागद तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्याकडं."

"अन् टायपिंग?"

"तुमचा टायपिस्ट. त्याची वेगळी सही घ्या, माझ्या नावावर त्याची जबाबदारी नको. आणि वापरलेला कार्बन पेपर दररोज मोजून जाळा. त्यावर सगळं उमटलेलं असतं."

कारखानदारानं मान डोलावली. कार्बनचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी तर कार्बन पेपर म्हणजे काळा कागद, हात खराब करणारा, एवढंच समजायचो.

मग वकीलसाहेबांच्या घरी पुन्हा बसलो. ह्या वेळी स्टूल नव्हतं, दोन खुर्च्या होत्या. ती बोलत गेली आणि वकीलसाहेब लिहीत गेले. गुप्त काय ते पानांवर शिक्का मारून ठरवायचं. जे तिला आधीपासून ठाऊक आहे ते गुप्त नाही. जे बाजारात उघड आहे तेही नाही. आणि दुसऱ्या कुणाकडून तिला सरळ मार्गानं कळलं तर तेही नाही. "रोलर गोल असतो हे मला तुमच्या आधीपासून माहीत आहे," ती म्हणाली. "उद्या तुम्ही म्हणाल आमच्यामुळे कळलं." भाषांतर कंपनीचं, पण तिनं वर्षानुवर्षं जमवलेले शब्द तिचे, ते ती पुढच्या कामात वापरणार. दुसऱ्या कारखान्यांची कामंही घेणार, फक्त ह्या रेच्याचं काही तिकडं नेणार नाही.

"हे तर भलतंच," वकीलसाहेब म्हणाले. "शब्द तुमचे?"

"नकाशे त्यांचे. 'पट्टी'ला पट्टी म्हणणं माझं."

अडलं तर विचारायचं कुणाला, हेही लिहून घेतलं. तो म्हातारा मिस्त्री आणि तेवढाच. कोर्टानं हुकूम केला तर तिला सांगावं लागेल, पण आधी कंपनीला कळवील. नुकसान तिच्या हातून झाल्याचं सिद्ध झालं तरच भरायचं आणि तिनं मुद्दाम केलं नसेल तर तिच्या मेहनतान्याच्या वर नाही. भांडण झालं तर हिंगणघाटच्या कोर्टात. "मुंबईला जायचं भाडं कोण देईल?" तिनं विचारलं. कारखानदारानं मुंबईच्या कोर्टाची ओळ स्वतः खोडली, त्याला तिथलं भाडं माहीत होतं. काम संपल्यावर कागद परत केले की कंपनीनं पोच लिहून द्यायची.

आणि एक गोष्ट तिनं उलट त्याच्याकडून लिहून घेतली. हे कागद कंपनीचे स्वतःचे आहेत, दुसऱ्या कुणाचे उचललेले नाहीत. हे ऐकून मिस्त्री भडकला. तो मागं बसला होता. "माझ्या हाताचे हाय ते! चोरीचे नाई!" ती म्हणाली, "बाबा, तुमच्यावर शंका नाही. उद्या कुणी म्हणालं की आमचे आहेत, तर मी मधे येऊ नये म्हणून." मिस्त्री शांत झाला. त्याला 'बाबा' म्हटलेलं आवडलं होतं.

शेवटी मुदत. वकीलसाहेबांनी परत 'निरंतर' लिहिलं. तिनं खोडलं. "पेटंटचा मजकूर सरकारी राजपत्रात जाहीर होईपर्यंत, नाहीतर पाच वर्षं, दोन्हीपैकी जे आधी होईल ते."

"पाच वर्षं काऊन?" कारखानदारानं विचारलं.

"पेटंट मिळालंच नाही तर मी काय मरेपर्यंत तोंड बंद ठेवू?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि 'वारस' हा शब्द तिनं जिथे जिथे सापडला तिथे खोडला. तिची सही झाली. खालची ओळ कोरी नव्हती, मुळात नव्हतीच.

त्यानंतरचे काही महिने ती रोज पुलावरून त्या कारखान्यात जायची. संध्याकाळी यायची. जेवताना काही विचारायची नाही. मी वरण ओरपत बसायचो आणि ती म्हणायची, "आज गर्मी फार होती." बस. रेच्याचा विषय घरातून असा नाहीसा झाला, की घर दुसऱ्याचं वाटायला लागलं. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "तुमच्या त्या रेच्याची सरकी बाहेर कुठून पडते?" ती म्हणाली, "खालून. सगळ्या रेच्यांची खालूनच पडते. हे बाजारात उघड आहे." एवढं सांगून पापड वाढला.

आमच्या शेठला कळायचं ते कळलं. मला आत बोलावलं.

"तुझी बायको तिकडे जाते म्हणे?"

"जाते."

"काय काय सांगते?"

"गर्मी फार होती म्हणते."

शेठ हसला नाही. "तू माझी चेष्टा करतो का? ती तिकडे जाते म्हणजे तू इथलं तिच्याकडून तिकडे पाठवून राह्यला. असा माणूस मला कामावर नको."

नोकरी जायची वेळ आली तेव्हा मी तिला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः शेठकडं गेली. मी मशीनवर होतो. नंतर मला शेठनंच सांगितलं. ती म्हणाली होती, करारात काय आहे ते मी सांगू शकत नाही, पण एवढं सांगायला मला मुभा आहे, मी ती आधीच मागून घेतली होती: माझे यजमान त्यात नाहीत, त्यांची सही नाही, आणि दुसऱ्याचं काही त्या कागदांत नाही असं कंपनीनं लिहून दिलंय. तुमच्या कारखान्यातलं मी तिकडं नेलं असतं, तर तेच लिहिणं खोटं ठरलं असतं. विश्वास नसेल तर वकीलसाहेबांना विचारा.

शेठनं विचारलं असावं. कारण दोन दिवसांनी मला म्हणाला, "जा, काम कर. पन तुझी बायको भारी हाय रे." मी म्हटलं, "शेठ, हे तुम्ही मले लग्नाच्या दिवशीच सांगायला पायजे होतं."

भाषांतर झालं, कागद परत दिले, पोच घेतली. अर्ज मुंबईहून पुढे गेला. आणि तिथेच अडकला. कारखानदारानं पुढे त्यात पैसे घातले नाहीत, रेचा म्हणे चालवताना कापूस अडकायचा, मिस्त्री म्हातारा झाला होता. गावात असं बोललं जायचं. राजपत्रात काही आलं नाही. म्हणजे आता पाच वर्षं पुरी व्हायची वाट पाहायची. मी तिला म्हटलं, "आता काय, तो रेचाच गेला. सांग ना." ती म्हणाली, "रेचा गेला म्हणून करार जात नाही. मी त्यांच्याकडून पाच वर्षं भांडून घेतलीत. ती पुरी करू द्या."

त्यांना निरंतर पाहिजे होतं, तिनं पाच वर्षांवर आणलं होतं. आणि ती पाचही तिला पुरी मिळाली नाहीत. पोटाचं दुखणं निघालं. दवाखान्यात ती होती तेव्हा मी बाजूला बसून असायचो. दवाखान्यात बसायला बाक देतात, बोलायला विषय देत नाहीत. मी म्हणालो असेन, रेच्याचं काही सांग. ती डोळे मिटून म्हणाली, "तुम्हाला एवढंच सुचतं." मग हातावर हात ठेवला. बाकी काही सांगितलं नाही.

तिच्या तेरवीच्या जेवणाला कारखानदार आला होता. पानावर बसला होता, मी वाढत होतो. थोडा वेळ त्यानं भात कालवला आणि मग खाली पाहतच म्हणाला, "ताईंनी कोणालेच नाई सांगितलं. मले वाटलं होतं, तुम्हाले तरी सांगतील."

"मले तर सगळ्यात शेवटी सांगितलं असतं," मी म्हटलं.

"ऐका," तो म्हणाला, "आता तसं काई राह्यलं नाई त्यात. अर्ज सोडला आमी. अन् वारसांवर तो करार नाई, ताईंनीच खोडला होता तो शब्द. अन् नकाशे माझे हाय, मी कोणालेही सांगू शकतो. तुम्हाले सांगतो मी. तो कापूस आत सोडणारा फीडर असा होता की—"

"नका सांगू," मी म्हटलं.

"काऊन?"

"मुदत अजून पुरी झाली नाई."

"अहो, पन माझीच परवानगी हाय ना."

"तुमची असंन. मले तिच्या तोंडून ऐकायचं होतं. तुमच्या तोंडून ऐकून मी काय करू? जेवा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि भाताकडं वळला. मी वरणाचं भांडं घेऊन पुढच्या पानावर गेलो.